गृहपाठ आणि चाचणी: एकच मेसेज की दोन वेगळे?

आठवीच्या गणिताच्या व्हॉट्सॲप ग्रुपवर मी दोन्ही पद्धती वापरल्या आहेत. आधी सगळं एकत्रच द्यायचो:

"मुलांनो, विस्तार सूत्रेचा सरावसंच उद्या दाखवा. रविवारी १२ पर्यंत चाचणी सोडवा, लिंक खाली."

मिनिटभरात लिहून होतो, एवढीच याची जमेची बाजू. त्या पाठात सरावसंच एकापेक्षा जास्त आहेत, तेव्हा कोणता ते मुलांना कळेना. बऱ्याच घरांत फोन बाबांचा. ते रात्री उशिरा आले की मेसेज मुलाला सकाळी दिसतो आणि त्याचा 'उद्या' एक दिवस पुढे सरकतो. सगळ्यात वाईट झालं ते '१२ पर्यंत'चं. मी दुपारी बाराला फॉर्म बंद केला, मुलांनी रात्रीचे बारा धरले होते. जेवून अभ्यासाला बसलेली पोरं बंद लिंक बघत राहिली. चूक माझी होती, म्हणून चाचणी पुन्हा घेतली.

आता दोन मेसेज पाठवतो.

गृहपाठ, ८वी गणित
सरावसंच ५.१, प्रश्न १ पूर्ण.
गृहपाठाच्या वहीत.
शुक्रवार, १२ डिसेंबरला वर्गात दाखवा. फोटो पाठवू नका.

चाचणी, ८वी गणित
रविवार, १४ डिसेंबर, सकाळी ९ ते रात्री ८.
१० प्रश्न. हजेरी क्रमांक लिहा. एकदाच सबमिट करा.
`Your response has been recorded` असं दिसलं म्हणजे पेपर पोहोचला.

लिंक याच्याच खाली. 'फोटो पाठवू नका' ही ओळ किरकोळ वाटेल, पण ती नसली की वह्यांच्या फोटोंखाली चाचणीची लिंक गाडली जाते. वेगळा मेसेज असला की चाचणीचा तेवढा पिन करता येतो, आणि रविवारी सकाळी तोच पुन्हा टाकता येतो.

'एकदाच सबमिट करा' हे मी शब्दांत सांगतो, गूगल फॉर्ममधलं `Limit to 1 response` मात्र बंद ठेवतो. ते चालू केलं की गूगल खात्यात लॉगिन करावं लागतं, आणि एकाच फोनवरून दोन मैत्रिणी पेपर देणार असतील तर दुसरी अडकते. त्याऐवजी शीटमध्ये हजेरी क्रमांक पाहून पहिला पेपर धरतो. गुण मात्र लगेच दाखवत नाही. सकाळी सव्वानऊला सबमिट करणाऱ्याला बरोबर उत्तरं दिसली, तर त्यांचा स्क्रीनशॉट दहापर्यंत सगळीकडे पोहोचलेला असतो.

ज्या आठवड्यात चाचणी नाही, तेव्हा एकच मेसेज पुरतो. फक्त वार आणि तारीख दोन्ही लिहा. एक चुकलं तर दुसऱ्याशी जुळत नाही, आणि कोणीतरी मूल लगेच विचारतं, "सर, १२ला गुरुवार की शुक्रवार?"