ओटिफ: अख्खी ऑर्डर मोजायची की एकेक ओळ?

ओटिफ म्हणजे माल वेळेत आणि पूर्ण पोचला का, याचं माप. पुण्याच्या ग्राहकाची 10 ओळींची ऑर्डर घ्या; एक ओळ म्हणजे ऑर्डरमधला एक माल आणि त्याचे नग. 6 ओळी आमच्या शिरोलीच्या गोदामातून गेल्या, 4 गोकुळ शिरगावहून. सगळा माल वेळेत पोचला, फक्त गोकुळ शिरगावच्या एका ओळीत 500 ऐवजी 480 कास्टिंग निघाली.

ऑर्डरवार मोजलं तर ही ऑर्डर नापास, म्हणजे शून्य. ओळवार मोजलं तर 10 पैकी 9. ग्राहकासाठी मी ऑर्डरवारच धरतो, कारण 20 नग कमी पडले की त्याची लाइन थांबते. आमचे 90 टक्के त्याच्या काय कामाचे?

गोदामाला मात्र हाच आकडा लावला, तर शिरोलीवाल्यांना फुकटचा डाग लागतो. तिथं ओळवार बरं: शिरोली 6 पैकी 6, गोकुळ शिरगाव 4 पैकी 3.

ओळवार मोजताना एक खोच आहे. 500 नग 300 आणि 200 असे दोन गाड्यांनी गेले, तर डिस्पॅचमध्ये दोन नोंदी येतात. ऑर्डरशी जोडण्याआधी ओळ क्रमांकावर त्यांची बेरीज केली नाही, तर दोन्ही नोंदी अपुऱ्या दिसतात. बेरजेत कबूल तारखेपर्यंत पोचलेलाच माल धरा; गेटपासची तारीख म्हणजे पोच नव्हे.