व्हिटॅमिन डी चे ड्रॉप्स: ४०० वाली बाटली की ८०० वाली?

बाळाला रोज लागतं ४०० युनिट, पण मेडिकलवर दोन तऱ्हेच्या बाटल्या मिळतात, एकीत १ मिलीला ४०० युनिट आणि दुसरीत १ मिलीलाच ८००. पहिलीत १ मिली द्यायचं, दुसरीत अर्धा मिलीच.

माझ्या बहिणीचं तेच झालं ना, जळगावला माहेरी ४०० वाली चालू होती, १ मिलीची सवय झालेली, मग सासरी अमळनेरला गेली, बाटली संपली, तिथे ८०० वाली मिळाली आणि सासूबाई तशाच १ मिली भरून देत राहिल्या. आठवडाभर रोज डबल! लेबल वाचल्यावर कळलं, डॉक्टरांना फोन केला, ते म्हणाले काही दिवसांच्या डबलने सहसा काही होत नाही, पण आता थांबवा.

८०० वालीत औषध कमी पाजावं लागतं, बाळ थुंकत नाही, हे खरंय. तरी घरात देणारी दोन-तीन माणसं असतील तर मी ४०० वालीच घेईन, कारण अर्ध्याची खूण दिव्याखाली चुकते.

दोन्हीत ड्रॉपर त्याच बाटलीचा वापरा, जुना दुसरीत घालू नका. काही बाटल्यांत तर एका थेंबातच ४०० असतात, तिथे १ मिली दिलं तर थेट हजारो युनिट जातील. ड्रॉपर गालाच्या आतल्या बाजूला धरून हळू सोडा, आणि दिलं की कॅलेंडरवर टिक करा म्हणजे आजी परत देणार नाही.

जास्त दिवस जास्त गेलं आणि बाळ उलट्या करतंय, दूध घेत नाही, शी कडक होतेय, सुस्त पडलंय, तर बाटली घेऊनच लगेच दवाखान्यात जा.