कस्टर्ड: पावडरचं की अंड्याचं?

पाहुण्यांसाठी फ्रूट कस्टर्ड करायचंय, पण पावडर घ्यावी की अंड्याचे बलक, असं भाचीनं विचारलं. तिला धास्ती गुठळ्यांची आणि सायीची.

कस्टर्ड पावडर म्हणजे मुख्यतः रंग-वास घातलेलं कॉर्नफ्लोअर. ती थेट गरम दुधात पडली की कणांचा बाहेरचा भाग लगेच फुगून चिकट होतो आणि आतली पावडर कोरडीच अडकते. म्हणून अर्धा लिटर दुधातलं पाव कप थंडच बाजूला काढून त्यात दोन मोठे चमचे पावडर कालवायची, उरलेलं साखर घालून उकळायचं आणि मिश्रण धारेनं ओतत ढवळायचं. पुन्हा उकळी येऊन मिनिटभर शिजू द्या, नाहीतर कच्च्या पिठाची चव राहते. तरीही गुठळी झालीच तर गाळून घ्या.

बलकांचं उलट आहे. त्यांना उकळी चालत नाही. साधारण ८५ अंशांच्या पुढे ते फुटतात आणि कस्टर्ड रवाळ होतं. चार बलकांत गरम दूध थोडंथोडं घालून मंद आचेवर ढवळत राहावं. चमच्याच्या पाठीवर ओढलेली बोटाची रेघ टिकली की लगेच उतरवा. चव मात्र याचीच सरस.

साय दोन्हींवर धरते, कारण वरचं पाणी उडून दुधातली प्रथिनं घट्ट होतात. बटर पेपर पृष्ठभागाला चिकटवूनच गार करा. भांड्यावर नुसतं झाकण पुरत नाही.

पाहुणे जास्त, शाकाहारी किंवा घाई असेल तर पावडर. चौघांसाठी निवांत करायचं असेल तर बलक.