क्वार्टर ब्रिज की हाफ ब्रिज?

एका टोकाला घट्ट धरलेली पट्टी, वर 350 ओहमचा, गेज फॅक्टर 2 असलेला स्ट्रेन गेज, म्हणजे ताणला की रोध वाढणारा सेन्सर. तो बसतो ब्रिजमध्ये: दोन भुजा, प्रत्येकीत 350 ओहमचे दोन रोध ओळीने, आणि मीटर दोन्ही भुजांच्या मधल्या बिंदूंतला व्होल्टेजचा फरक दाखवतो. ब्रिजला 5 व्होल्ट. पट्टी वाकून 500 मायक्रोस्ट्रेन आला की रोध वाढतो जेमतेम 0.35 ओहम.

क्वार्टर ब्रिजमध्ये हा एकच गेज बदलतो. भुजेतल्या 7.14 मिलिअँपिअर प्रवाहाने त्यावर 2.5 मिलिव्होल्ट वाढायला हवेत. पण भुजेचा एकूण रोधही वाढतो, प्रवाह किंचित घटतो आणि निम्मी वाढ तिथेच जिरते. हाती उरतात 1.25 मिलिव्होल्ट.

हाफ ब्रिजमध्ये त्याच भुजेतला दुसरा गेज पट्टीच्या खालच्या बाजूला चिकटवतात. वरचा ताणून 350.35, खालचा दबून 349.65, बेरीज 700 च. प्रवाह हलत नाही, म्हणून पूर्ण 2.5 मिलिव्होल्ट मिळतात. शिवाय तापमानाने दोन्ही गेज सारखेच बदलतात, तो परिणाम आपोआप कटतो. माझ्या मते खरा फायदा हाच; दुप्पट व्होल्टेज तर अँप्लिफायरही देईल.

मात्र हे वाकण्यापुरतंच. पट्टी सरळ ओढली तर दोन्ही गेज ताणले जातात आणि मीटर शून्यावरच राहतो. वजन टाकूनही काटा हलला नाही, तर दोन्ही गेज एकाच बाजूला तर लागले नाहीत ना, हे आधी बघा.