मुलांचा रात्रीचा कपडा: फलालीन, होजिअरी, प्रक्रिया केलेला सुती की पॉलिस्टर?

गेल्या दिवाळीआधी थोरल्या बहिणीनं कोल्हापूरजवळच्या गांधीनगरातून लेकीसाठी चार कपडे आणले. पोरगी पाच वर्षांची. फलालिनीचा घेरदार गाऊन, एक्स्पोर्टच्या उरल्या मालातला होजिअरी नाईटसूट, ‘फ्लेम रेझिस्टंट’ लेबलचा, म्हणजे सहज पेटू नये म्हणून प्रक्रिया केलेला जाडसर सुती सूट आणि एक मऊ पॉलिस्टरचा. "यातले दोन ठेवायचे, दोन परत. तू एवढी वर्षं इचलकरंजीत प्रोसेस हाऊसच्या लॅबमध्ये काढलीस, सांग बघू," म्हणाली. घरात देवापुढं निरांजन, हिवाळ्यात परसात बंब, दिवाळीत दारात पणत्या. प्रश्न रास्त होता.

तिची पहिली पसंती होजिअरीला होती, कारण त्याला पिवळा टॅग होता. तिला वाटलं ती सुरक्षिततेची खूण. टॅगवर इंग्रजीत लिहिलेलं नेमकं उलटं होतं: कपडा अंगाबरोबर बसला पाहिजे, हा कपडा ज्वालारोधक नाही. अमेरिकेत 1996 पासून मुलांच्या रात्रीच्या कपड्यांना दोन वाटा आहेत. एक तर कापडानं जळण्याची चाचणी पास व्हायची, नाहीतर कपडा अंगाला घट्ट बसणारा हवा. दुसऱ्या वाटेनं आलेल्या कपड्याला असा टॅग लावतात. त्यामुळं तो टॅग वाचून घाबरायचंही कारण नाही, फक्त त्यातली ‘अंगाबरोबर’ ही अट पाळायची. ताईनं सूट सात वर्षांच्या मापाचा आणला होता, म्हणजे नेमकी तीच अट मोडलेली.

आता गाऊन. त्याची उंची कमी करायचीच होती, म्हणून खालून वीतभर रुंदीची पट्टी कापली. परसात पाण्याची बादली शेजारी ठेवली, पट्टी चिमट्यात उभी धरली आणि खालच्या कडेला काडी लावली. आधी कापड जळलंच नाही, जळली ती लव. निळसर ज्योत क्षणात पृष्ठभागावरून वर सरकली, आणि तिच्या मागून मूळ कापडानं पेट घेतला. निम्म्याच्या वर गेल्यावर मी पट्टी बादलीत टाकली. ताई मागं सरकली होती.

फलालीन मऊ लागते ती या लवेमुळंच. मशिननं धागे उकरून केलेले ते बारीक केस असतात आणि प्रत्येक केसाभोवती हवा असते. कापूस तोच, पण घट्ट विणीच्या जाड कापडात हवेला जागा कमी आणि जाळायला माल जास्त, म्हणून आग हळू जाते. पातळ, सैल विणीचं, लवेचं कापड सगळ्यात वेगानं जळतं, आणि ते सुती असो वा रेयॉन, फार फरक पडत नाही, कारण दोन्ही मुळात सेल्युलोजच. वर घेरदार गाऊनची कड मोकळी लोंबते, तिला दोन्ही बाजूंनी हवा मिळते, आणि ज्योत नेहमी वरच्या दिशेनंच धावते. आमच्या चार कपड्यांत हा सगळ्यात वाईट.

पॉलिस्टर वेगळ्या तऱ्हेनं वागतं. साधारण 260 अंशांना ते वितळतं, ज्योतीपासून आक्रसून दूर जातं, आणि छोटी ठिणगी असेल तर पुष्कळदा विझूनही जातं. पण वितळलेला थेंब कातडीला चिकटतो आणि खोल भाजतो. पॉलिस्टर-कॉटन मिश्रणाबद्दल लोकांचा समज असतो की दोन्हींचे गुण मिळतील. आगीत मात्र दोन्हींचे दोष मिळतात: जळून कोळसा झालेला कापूस सांगाड्यासारखा उभा राहतो, वितळलेलं पॉलिस्टर त्याच्यात धरलं जातं आणि मेणबत्तीच्या वातीसारखं जळत राहतं. लोकर या सगळ्यांत सावकाश जळते, पण कोल्हापूरच्या पोराला लोकरीचा नाईटसूट घालणार कोण?

राहिला प्रक्रिया केलेला सुती सूट, आणि इथं खरी गोम आहे. सुती कापडावर टिकाऊ फिनिश देताना फॉस्फरसयुक्त रसायन धाग्याच्या आत पक्कं करतात. एका पद्धतीत तर कापड अमोनिया वायूच्या चेंबरमधून काढतात. साधा कापूस तापला की त्यातून पेटणारे वायू सुटतात. फॉस्फरस असला की तोच कापूस पाणी आणि कोळसा होण्याकडे वळतो, ज्योतीला खायला उरत नाही. अमेरिकन चाचणीत 10 इंची पट्टी उभी टांगून तिच्या खालच्या कडेला 3 सेकंद ज्योत लावतात. पाच पट्ट्यांचा जळालेला भाग सरासरी 7 इंचांपेक्षा जास्त भरता कामा नये. नव्या कापडावर हे करतात, आणि 50 धुण्यांनंतर पुन्हा. आठवड्याला दोनदा धुतलं तर 50 धुणी सहा महिन्यांत होतात.

मात्र ती 50 धुणी डिटर्जंटनं, ठरलेल्या पद्धतीनं केलेली असतात. ताईच्या अपार्टमेंटात नळाचं पाणी कमी पडलं की बोअरचं येतं, बादल्यांच्या कडांना पांढरी खपली धरते, आणि तिची मोलकरीण पिवळ्या साबणाच्या वडीनं घासते. साबणातली चरबी आणि पाण्यातला कॅल्शियम यांचा न विरघळणारा थर धाग्यांवर बसतो. तो थर स्वतःच जळतो. आत फॉस्फरस शाबूत असतो, पण वर मेणासारखं इंधन चढलेलं. मऊपणासाठी शेवटच्या पाण्यात घालतात ते सॉफ्टनरही असाच जळणारा थर सोडतं. डाग घालवायला क्लोरीनचं ब्लीच वापरलं तर मात्र फिनिशच मोडतो, आणि तो परत येत नाही.

थर बसलाय का, हे घरी कळतं. धुऊन वाळवलेल्या कपड्यावर पाण्याचा एक थेंब सोडा. तो मोत्यासारखा थांबून राहिला, सुती कापड असून शोषला गेला नाही, तर वर काहीतरी बसलंय. मग बादलीभर पाण्यात अर्धी वाटी पांढरं व्हिनेगर घालून अर्धा तास भिजवा. त्यानं चुना सुटतो, पण चरबी कापडातच असते, म्हणून नंतर डिटर्जंटनं एकदा नीट धुवायलाच हवं. वडी घेताना वेष्टनावर ‘डिटर्जंट’ शब्द आहे का तेवढं पाहायचं.

काही स्वस्त फिनिश धुण्यात टिकतच नाहीत. बोरॅक्स किंवा अमोनियम फॉस्फेटमध्ये बुडवून काढलेलं कापड पहिल्या धुण्यातच साधं होतं. लेबलवर किती धुण्यांपर्यंत हे लिहिलेलं नसेल, तर मी त्या दाव्याला किंमत देत नाही.

रसायनाची भीती ताईनंही काढली. ती हवेतली नाही. अमेरिकेत मुलांच्या कपड्यांवर वापरलं जाणारं ‘ट्रिस’ नावाचं ब्रोमीनयुक्त रसायन कर्करोगाच्या धोक्यामुळं 1977 साली बंद झालं. वर सांगितलेलं फॉस्फरसचं फिनिश हे ते रसायन नव्हे. तरीही अंगाबरोबरच्या होजिअरीत हा प्रश्नच येत नाही, म्हणून मला ती बरी वाटते. तोही कापूसच, जळतो. पण कापड कातडीला टेकलेलं, आत हवा नाही, पणतीवर लोंबायला कड नाही.

म्हणून माझा कौल असा पडला: साबण आणि पाणी बदलायची तयारी असेल तरच प्रक्रिया केलेला सुती. ताईची नव्हती, मोलकरणीला रोज कोण सांगणार. पॉलिस्टरचा सूट झोपेपुरता ठेवायला हरकत नव्हती, फुलबाजीला मात्र तो अंगात नको. गाऊन कापलेला असल्यानं परत जाण्याचा सवालच नव्हता. त्याची फडकी झाली.

प्रक्रियेचा सूट परत करून होजिअरीचं माप बदलायला आम्ही दोघं पुन्हा गांधीनगरात गेलो. दुकानदार म्हणाला, "वैनी, सातचंच राहू द्या, वाढतं अंग आहे, पुढच्या वर्षीही जाईल." ताईनं पिवळा टॅग त्याच्यापुढं धरला. "नको भाऊ. पाचचंच द्या, पुढच्या वर्षी परत येईन."