उन्हाळी इंटर्नशिपचे कव्हर लेटर: पाच प्रकल्पांची यादी की एका प्रकल्पाची हकिकत?

द्वितीय वर्षाच्या विद्यार्थ्याकडे अनुभव नसतो आणि मोठे प्रकल्पही नसतात. असतात ती पायथनमध्ये केलेली चार-पाच छोटी कामे. शिरोली किंवा गोकुळ शिरगाव एमआयडीसीतल्या एखाद्या कारखान्याकडे अर्ज करताना ती कशी मांडावीत, याचे दोन मसुदे शेजारी ठेवून पाहू. विद्यार्थी एकच आहे आणि कामेही तीच आहेत.

पहिल्या मसुद्यातला मुख्य परिच्छेद असा आहे: "मला पायथन, पांडाज, फ्लास्क आणि एसक्यूएल येते. मी कॅल्क्युलेटर, टिक-टॅक-टो, हवामान अ‍ॅप, हजेरीपट आणि फाउंड्रीतील रिजेक्शनचे विश्लेषण असे पाच प्रकल्प केले आहेत. मी मेहनती असून मला शिकण्याची आवड आहे."

दुसऱ्या मसुद्यात त्याच जागी हे आहे: "घराजवळच्या एका फाउंड्रीतील रिजेक्शनच्या नोंदी त्यांच्या परवानगीने घेऊन, कोणत्या दोषामुळे किती कास्टिंग बाद होतात याचा साप्ताहिक तक्ता काढणारा प्रोग्राम मी लिहिला. 'ब्लो होल' हा दोष नोंदींत तीन प्रकारे लिहिलेला असल्याने त्याची बेरीज तीन ठिकाणी विभागली जात होती. लेखनाचे प्रकार एकत्र केल्यावर तो यादीत सर्वांत वर आला. प्रोग्राम सध्या एकाच नमुन्याची सीएसव्ही फाइल वाचतो. रकाने बदलल्यास तो थांबतो."

पहिला मसुदा खोटा नाही, पण त्यात वाचणाऱ्याला विचारण्यासारखे काही सापडत नाही. कॅल्क्युलेटर आणि टिक-टॅक-टो हे बहुतेकांच्या पहिल्या सत्रातले सराव असतात, आणि खरे मोलाचे काम त्यांच्या मागे पाचव्या क्रमांकावर दडले आहे. दुसऱ्या मसुद्यात प्रश्न कोणाचा होता, अडचण कुठे आली आणि मर्यादा कोणती, हे तिन्ही कळते. मर्यादेचे ते शेवटचे वाक्य अनेक विद्यार्थी भीतीपोटी गाळतात. मला मात्र तेच सर्वांत विश्वासार्ह वाटते, कारण प्रोग्राम स्वतः चालवून पाहिल्याशिवाय ते लिहिता येत नाही.

अर्थात, पत्रात लिहिलेला तपशील मुलाखतीत विचारला जातो. याच कामातली तारखांची अडचण पाहा. आपल्याकडे ०५/०६/२०२४ म्हणजे पाच जून. पांडाज मात्र वेगळे सांगितले नाही तर आधी महिना धरते आणि तीच तारीख सहा मे अशी वाचते. फाइलमध्ये जूनचा फक्त पहिला आठवडा असेल, तर एररही येत नाही. सात दिवसांच्या नोंदी जानेवारी ते जुलै अशा विखुरतात. ज्या महिन्यांची नोंदच घेतलेली नाही, ते महिने तक्त्यात दिसू लागले की चूक ओळखता येते. उपाय एवढाच:

```python
df["date"] = pd.to_datetime(df["date"], dayfirst=True)
```

हा उलगडा ज्याला तोंडी करता येईल, त्याने दुसरा मसुदा निःशंकपणे पाठवावा. व्हिडिओ पाहून जसाच्या तसा उतरवलेला प्रकल्प असेल, तर त्याची अशी हकिकत लिहिता येणार नाही, आणि ओढूनताणून लिहिली तरी दुसऱ्या प्रश्नालाच ती उघडी पडेल.

पहिल्या मसुद्यालाही एक योग्य जागा आहे. मोठ्या कंपनीच्या ऑनलाइन फॉर्ममध्ये प्राथमिक छाननी करणारी व्यक्ती अनेकदा जाहिरातीतली कौशल्ये अर्जात आहेत का, एवढेच पाहते. तिथे पांडाज आणि एसक्यूएल ही नावे स्पष्ट दिसायला हवीत. पण त्यासाठी पूर्ण पत्र यादीला देण्याची गरज नाही. दुसऱ्या मसुद्याखाली एका ओळीत साधनांची नावे द्यावीत आणि बाकीचे प्रकल्प बायोडेटात ठेवावेत. लहान कारखान्यात अर्ज बहुधा मालक किंवा उत्पादन विभागाचे अभियंते स्वतः वाचतात, आणि त्यांना रिजेक्शनची डोकेदुखी रोजचीच असते. त्यांच्यासाठी दुसरा मसुदाच हवा, यात मला शंका नाही.

कोणताही मसुदा निवडला, तरी गिटहबची लिंक देण्यापूर्वी तिथे फाउंड्रीची मूळ फाइल राहिलेली नाही ना, हे तपासावे. बाद मालाचे आकडे ही त्या कारखान्याची खासगी बाब आहे, आणि नोंदी वापरू दिल्या म्हणजे त्या जाहीर करण्याची परवानगी मिळाली असे होत नाही. फाइल नंतर काढून टाकली तरी ती गिटच्या जुन्या नोंदींत राहते. म्हणून काल्पनिक आकड्यांची दहा-बारा ओळींची नमुना फाइल घेऊन नवी रिपॉझिटरी तयार करावी आणि प्रोग्राम कसा चालवायचा ते README.md मध्ये लिहावे. पत्राच्या शेवटी सुट्टीत नेमक्या कोणत्या तारखेपासून कोणत्या तारखेपर्यंत येता येईल, तेही कळवावे.