कोपऱ्यात चांदणी दिसली नाही, म्हणून १८,५०० रुपये पाठवले

भाचीच्या लग्नाला मुंबईहून येणाऱ्या पाहुण्यांसाठी मांद्र्यात चार दिवस घर हवं होतं. व्हॉट्सअ‍ॅपवर सहा फोटो आले. लाल चिरे, कौलं, बलकांव, पुढे तुळशीवृंदावन. आगाऊ १८,५०० रुपये पाठवले. मग फोन बंद. पुढचं तुम्हाला ठाऊकच आहे.

मी डोळे मिटून पैसे दिले नव्हते, हे आधी सांगतो. गूगलच्या जेमिनी या एआयने केलेल्या चित्राच्या उजव्या खालच्या कोपऱ्यात चार टोकांची फिकट चांदणी असते, हे मला माहीत होतं. प्रत्येक फोटोचा कोपरा मोठा करून पाहिला. चांदणी नाही, म्हणजे फोटो खरा! ही माझी हुशारी.

पाच फोटोंत वृंदावनाचा पाया, खुर्चीचे पाय, पायरीची कड सगळं खालून छाटलेलं होतं. घर भाड्याने देणारा माणूस अंगण कशाला कापेल? आणि सहाव्यात फरशीवर एक पांढरट टोक चमकत होतं. मला वाटलं, ऊन पडलंय. ती अर्धी चांदणी होती हो! कापताना त्याचा हात चुकला आणि मी उन्हाचं कौतुक करत बसलो.

ती चांदणी कापायला बोटाचा एक फटकारा पुरतो. गूगल आपल्या चित्रांच्या रंगबिंदूंतच सिंथआयडी नावाची अदृश्य खूणही पेरतं, ती नुसतं कापल्याने सहसा जात नाही. पुतण्याने तपासलं तर चार फोटोंत ती सापडली, दोनांत नाही. फाइलसोबत येणारी उगमाची नोंद तर व्हॉट्सअ‍ॅपवरून येतानाच गळून पडते, तिची वाट पाहू नका.

तक्रार घ्यायला बसलेल्या साहेबांनी ते दोन फोटोच पकडले. "यांत खूण नाही, म्हणजे घर खरं असणार. तुमचा व्यवहाराचा वाद आहे." अहो, खूण सापडली नाही याचा अर्थ एवढाच की बहुधा गूगलचं चित्र नाही! चित्रं बनवणारं स्टेबल डिफ्यूजनसारखं मॉडेल स्वतःच्या संगणकावर चालवणारा खूण उमटवणारी पायरीच काढून टाकू शकतो. किंवा ते दोन फोटो कुणाच्या तरी खऱ्या घराचे चोरलेले असतील. तीनदा समजावलं. तिसऱ्यांदा ते चहा प्यायला उठले. बँकेत सांगितलं, "पैसे तुम्हीच पाठवलेत ना?" दोन दिवस या खिडकीवरून त्या खिडकीवर. पहिल्या तासातच सायबर फसवणुकीच्या तक्रारीसाठी १९३० या नंबरवर फोन करायला हवा होता. मी लाजेने रात्र घालवली, तुम्ही घालवू नका.

घर पाहायचं तर व्हिडिओ कॉल लावून वृंदावनाभोवती फिरायला सांगा. म्हापशाहून मांद्रे काही विलायत नाही. मी स्वतः जायला हवं होतं.

परवा तेच घर पुन्हा दिसलं, आता हणजुण्यात, २२,००० ला. सहावा फोटो खालून दोन बोटं आणखी कापलाय.